विधेयकाचा सारांश पत्रकाराला द्यायचाय: तरतूद कुठली, पार्श्वभूमी कुठली?

कागदवाचक
मंडळी, मी टिळकवाडीत एका वकिलांच्या ऑफिसात काम करते. आमच्याकडे येणाऱ्या एका मराठी वार्ताहरांनी एक काम सोपवलंय. कर्नाटकात खासगी उद्योगांत स्थानिकांना राखीव जागा देणाऱ्या विधेयकाचा मसुदा जुलै २०२४ मध्ये बाहेर आला होता, आठवतच असेल. अधिवेशनाच्या तोंडावर हा विषय पुन्हा निघतो, म्हणून त्या मसुद्याचं तीनशे शब्दांत मराठी टिपण त्यांना तयार ठेवायचंय.

मसुदा फार मोठा नाही. पण त्याच्याभोवतीचा पसारा बघा: कन्नडिगांच्या नोकऱ्यांबद्दलचा सरोजिनी महिषी समितीचा जुना अहवाल, त्याआधीचं कन्नड भाषेसाठीचं गोकाक आंदोलन, हरियाणाचा रद्द झालेला कायदा, आंध्रचा कायदा, मंत्र्यांची वक्तव्यं, उद्योजकांचा विरोध. यातलं काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं? 'हे महत्त्वाचं वाटतं' या पलीकडे काही कसोटी असते का? पूर्वी असं काम केलेलं कुणी आहे का इथे?

निपाणीकर
सोप्पं आहे की. प्रत्येक विधेयकाला 'उद्देश आणि कारणे' असं एक निवेदन जोडलेलं असतं. तेच मराठीत उतरवा, झाला सारांश. सरकारला काय करायचंय ते स्वतः सरकारनेच तिथे लिहिलेलं असतं. आत कलमांत शिरलात की बाहेर यायची वाट सापडत नाही.

खडेबाजार
आणि तीनशे शब्द भरले नाहीत तर 'सीमाभागात संतापाची लाट' घाला. ते कुठल्याही बातमीत बसतं.

निवृत्त_बाबू
निपाणीकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. ते निवेदन वाचायला हवंच, कारण सरकारच्या मनात काय आहे ते तिथे कळतं आणि एखादं कलम संदिग्ध असलं तर कोर्टही त्याकडे पाहतं. पण त्या निवेदनाच्या जोरावर कुणालाही एक रुपया दंड करता येत नाही. दंड कलमामुळे होतो. शिवाय निवेदन लिहितं सरकार आपल्या बाजूने. सवलती, पळवाटा, किमान मर्यादा यांचा तिथे बहुधा उल्लेखही नसतो.

मी नोकरीभर विधेयकांचे इंग्रजी आणि कन्नड पाठ ताडून पाहण्याचं काम केलं. ताई, माझी कसोटी सांगतो. एक वाक्य घ्या आणि ते खोडलंय असं समजा. खोडल्याने कुणाचं कर्तव्य, हक्क, दंड, मुदत किंवा कुणा अधिकाऱ्याचा अधिकार बदलतो का? बदलत असेल तर ती तरतूद. बदलत नसेल तर ते वाक्य कितीही भारदस्त असो, पार्श्वभूमी. 'कन्नडिगांना न्याय मिळावा ही दीर्घकाळची मागणी आहे' हे खोडून बघा, कारखानदाराचं काही बदलत नाही. '५० टक्के व्यवस्थापकीय जागा' खोडलं तर सगळंच बदलतं.

महिषी समिती ऐंशीच्या दशकातली, ५८ शिफारशींची. महत्त्वाची खरीच, पण या मसुद्यातलं एकही कलम तिच्या नावावर चालत नाही. तिला एक ओळ पुरे, तीही शेवटी.

खानापुरी
बाबूकाका, हरियाणा तरी आत घ्यायला हवा ना? पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२३ ला तो ७५ टक्क्यांचा कायदा रद्द केला. म्हणजे आपला मसुदाही गेल्यात जमा. मग तरतुदी सांगून काय उपयोग?

निवृत्त_बाबू
दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयाचा निकाल कर्नाटकावर आपोआप बंधनकारक नसतो. वकील त्याचा आधार घेतील, इथलं कोर्ट विचारात घेईल, पण 'गेल्यात जमा' असं वार्ताहराने लिहू नये. 'असाच कायदा हरियाणात रद्द झाला आहे' एवढंच लिहावं, आणि तेही वेगळ्या चौकटीत. तरतुदींच्या मधे ते घुसडलं की मसुद्यातच काहीतरी लिहिलंय असा वाचकाचा समज होतो.

उद्यमबागवाला
मला एक विचारायचंय. थोरला पोरगा आयटीआय करून फाउंड्रीत लागायच्या बेतात आहे. त्याला हे लागू होणार का? आम्ही तीन पिढ्या येळ्ळूरचे. पण त्याचा जन्म गडहिंग्लजचा, बायकोचं माहेर तिथलं. शाळा मात्र इथलीच, मराठी माध्यम, दहावीला म्हणजे एसएसएलसीला कन्नड होतं. सुपरवायझर म्हणतोय, मराठी पोरांना आता घेणार नाहीत. खरं काय?

खडेबाजार
भाऊ, धागा सारांश कसा लिहायचा याचा आहे, नोकरी मार्गदर्शनाचा नाही 🙂

निवृत्त_बाबू
थांबा, त्यांना हाकलू नका. या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न त्यांनीच विचारलाय.

उद्यमबागवाले भाऊ, आधी धीर धरा. तो मसुदा कायदा नाही. १५ जुलै २०२४ ला मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली आणि १७ जुलैला सरकारने तो बाजूला ठेवला. सभागृहात तो मांडलाही गेला नव्हता. तुमच्या मुलाला आज कुणी त्याच्या नावाखाली नाकारू शकत नाही. ताई, तुमच्या टिपणाचं पहिलं वाक्य हेच असायला हवं: कागद कुठल्या टप्प्यावर आहे. मंत्रिमंडळाची मंजुरी, सभागृहात मांडणं, पारित होणं, राज्यपालांची संमती, राजपत्रात प्रसिद्धी, अंमलाची तारीख, या सगळ्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. आपल्याकडे पहिल्या पायरीवरच 'कायदा झाला' म्हणून मथळा लागतो.

आता मुलाबद्दल. मसुद्यात 'स्थानिक उमेदवार' कोण हे व्याख्येच्या कलमात होतं. कर्नाटकात जन्म हवा, राज्यात १५ वर्षं वास्तव्य हवं, कन्नड बोलता, वाचता आणि सुवाच्य लिहिता यायला हवं, आणि सरकारने ठरवलेल्या नोडल एजन्सीची चाचणी पार केलेली हवी. या अटी पर्यायी नाहीत, सगळ्या एकत्र लागतात. मातृभाषा मात्र कुठेही विचारलेली नाही. म्हणजे बेळगावात जन्मलेला, इथेच वाढलेला, कन्नड येणारा मराठी मुलगा त्या व्याख्येत बसतो. मारवाडी, कोंकणी घरातलाही बसतो. तुमचा मुलगा अडतो तो मराठी म्हणून नाही, गडहिंग्लजला जन्मला म्हणून.

शहापूरची_मावशी
अहो हे काय भलतंच! पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीतच आहे. आमच्या गल्लीत निम्म्या सुना चंदगड, आजरा, गडहिंग्लज, कोल्हापूरच्या. त्यांची थोरली पोरं सगळी पलीकडे जन्मलेली. दाखला तिकडचा, आयुष्य इकडचं. हे कुठल्याच पेपरात कसं आलं नाही?

कागदवाचक
मावशी, माझ्याकडच्या कात्रणांत तरी नाही. सगळीकडे '५० आणि ७० टक्के' हेच आहे. व्याख्येचं कलम मी तांत्रिक म्हणून सोडून द्यायच्या विचारात होते. बेळगावच्या वाचकासाठी खरी बातमी तिथेच आहे की!

बातमीची_डेडलाईन
ताईंना काम सोपवणारा तो वार्ताहर मीच 🙏 धागा वाचतोय. बाबूकाका, माझी बाजूही सांगतो. मसुदा हातात पडला तेव्हा संध्याकाळ झालेली, डेस्कवरून फोनवर फोन. त्यात मुख्यमंत्र्यांच्या समाजमाध्यमावरच्या पोस्टमध्ये 'सी आणि डी श्रेणीच्या पदांवर १०० टक्के' असं आलं, नंतर ती पोस्ट काढली गेली. कामगारमंत्री म्हणाले, व्यवस्थापकीय ५० आणि बिगर-व्यवस्थापकीय ७०. अशा वेळी आम्ही कुणाचं छापायचं?

निवृत्त_बाबू
मसुद्याचं. मुख्यमंत्र्यांची पोस्ट ही स्वतंत्र बातमी आहे, जरूर छापा, पण 'विधेयकात १०० टक्के आहे' असं त्यावरून लिहिता येत नाही. सी आणि डी श्रेणी ही सरकारी नोकरीची भाषा, महिषी अहवालाच्या वळणाची. मसुद्यात त्या श्रेणीच नव्हत्या. तिथे दोनच गट होते. संचालक सोडून देखरेख, व्यवस्थापन, तांत्रिक, प्रशासकीय आणि वरची पदं एका गटात. कारकुनी, कुशल, अर्धकुशल, अकुशल, आयटी कर्मचारी आणि कंत्राटी व हंगामी कामगार दुसऱ्या गटात. पार्श्वभूमीतला शब्द तरतुदीत घुसला की असा आकडा फुगतो.

उद्यमबागवाला
कंत्राटीसुद्धा? मग आमच्या शेठचं अवघड आहे. मोल्डिंगला अर्धी पोरं बाहेरच्या राज्यांतली, तीही ठेकेदाराकडून.

निपाणीकर
म्हणजे शेठला ७० टक्के माणसं इथली घ्यावीच लागली असती. सापडणार कुठून? फर्नेससमोर उभं राहायला इथलं कोण तयार होतंय?

निवृत्त_बाबू
इथेच तिसरी गोष्ट येते, जी सारांशातून सगळ्यात आधी गळते: सवलतीचं कलम. एक कारखाना धरू. बिगर-व्यवस्थापकीय ८० माणसं, व्यवस्थापकीय १२. नियमाप्रमाणे ८० पैकी ५६ आणि १२ पैकी ६ स्थानिक हवेत. लायक माणसं मिळाली नाहीत तर मालकाने सरकारकडे सवलत मागायची. सरकार चौकशी करून आदेश देणार. पण कितीही सवलत दिली तरी बिगर-व्यवस्थापकीय ५० टक्क्यांच्या आणि व्यवस्थापकीय २५ टक्क्यांच्या खाली जाता येत नाही. म्हणजे ४० आणि ३. शिवाय लायक माणसं नसतील तर सरकारच्या मदतीने तीन वर्षांत ती तयार करायची जबाबदारी मालकावर.

'७० टक्के' एवढंच छापलं तर मालक घाबरतो. 'सवलत आहे' एवढंच छापलं तर कामगाराला वाटतं कायदा पोकळ आहे. दोन्ही आकडे शेजारी दिले की दोघांनाही आपापलं कळतं.

खानापुरी
आणि दंड?

निवृत्त_बाबू
दहा हजार ते पंचवीस हजार रुपये. त्यानंतरही उल्लंघन चालूच राहिलं तर दिवसाला शंभर रुपयांपर्यंत.

खडेबाजार
दिवसाला शंभर म्हणजे वर्षाला ३६,५००. शेठ एका माणसाच्या दिवाळी बोनसात वर्षभर मोकळा की 😀

निपाणीकर
पण मग दंड इतका कमी आहे हे लिहिणं म्हणजे टीका नाही का झाली? सारांशात मत नको असं तुम्हीच म्हणणार.

निवृत्त_बाबू
आकडा देणं हे मत नाही. 'दंड किरकोळ आहे' हे मत. आकडा द्या, वाचक खडेबाजार यांच्यासारखा गुणाकार करून घेतो.

बातमीची_डेडलाईन
माझा अनुभव जरा वेगळा आहे. वाचक गुणाकार करत नाही, तो पान उलटतो. म्हणून फाउंड्रीचं उदाहरण मला चौकटीत हवंय. आणि बाबूकाका, पार्श्वभूमी अगदीच शेवटी टाकली तर बेळगावच्या वाचकाला बातमी परकी वाटते. इथे भाषेचा विषय निघाला की १९५६ पासूनचं सगळं मनात येतं. ते एका ओळीत गुंडाळणं मला पटत नाही.

शहापूरची_मावशी
मला पटतं यांचं. संदर्भ नसेल तर आमच्यासारख्यांना आकडे म्हणजे नुसते आकडे.

निवृत्त_बाबू
संदर्भ द्या, पण भिंत घालून द्या. कुठे मसुदा संपला आणि कुठे इतिहास सुरू झाला ते वाचकाला दिसलं पाहिजे. किती ओळी द्यायच्या हा तुमचा संपादकीय प्रश्न, तिथे मी पडत नाही.

खानापुरी
जाता जाता एक. विधेयक तरी कलमांत बांधलेलं असतं. समितीचा अहवाल असेल तर? माझ्या भाच्याला कॉलेजात संसदीय समितीच्या अहवालाचा सारांश करायला दिलाय. दोनशेच्या वर पानं, प्रत्येक पानावर 'समितीला असे सांगण्यात आले'.

निवृत्त_बाबू
'समितीला सांगण्यात आले' म्हणजे ती साक्ष. मंत्रालय बोलतंय, उद्योग संघटना बोलतेय, समिती नाही. सगळ्यात जास्त चुकीच्या बातम्या इथे तयार होतात. मंत्रालयाच्या सचिवाने काहीतरी सांगितलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी 'समितीने म्हटले' म्हणून छापून येतं. समिती स्वतः बोलते ते 'समिती शिफारस करते', 'समितीचे मत आहे' अशा परिच्छेदांत. संसदेच्या स्थायी समित्यांच्या अहवालांत हे परिच्छेद बहुधा ठळक अक्षरांत असतात, पुष्कळदा शेवटी एकत्रही छापलेले असतात. भाच्याला सांगा, आधी शेवट वाच, मग प्रत्येक शिफारस कुठल्या साक्षीवरून आली ते मागे जाऊन शोध. आणि भिन्नमतपत्रं सोडू नकोस. सदस्यांचं मत फुटलं असेल तर ते तिथेच दिसतं.

दुसरं म्हणजे, शिफारस ही तरतूद नव्हे. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०१९ च्या विधेयकावर संयुक्त समितीने डिसेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला. ८१ दुरुस्त्या आणि १२ शिफारशी होत्या. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने ते विधेयकच मागे घेतलं आणि २०२३ मध्ये वेगळा कायदा केला. समितीच्या दुरुस्त्यांना 'नवे नियम' म्हणून छापलं असतं, तर वाचकाला नसलेलाच कायदा सांगितला असता.

खानापुरी
आधी शेवट वाच म्हणजे भाच्याच्या आवडीचं काम झालं. कळवतो.

कागदवाचक
टिपणाचा पहिला खर्डा टाकते. चुकत असेल तर सांगा.

"हा मंत्रिमंडळाने १५ जुलै २०२४ रोजी मंजूर केलेला आणि दोन दिवसांनी स्थगित ठेवलेला मसुदा आहे, कायदा नाही. खासगी उद्योग, कारखाने व आस्थापनांत व्यवस्थापकीय ५० टक्के आणि बिगर-व्यवस्थापकीय ७० टक्के जागा स्थानिक उमेदवारांना देण्याची त्यात तरतूद होती. कंत्राटी कामगार दुसऱ्या गटात मोडतात. स्थानिक ठरण्यासाठी कर्नाटकात जन्म, १५ वर्षे वास्तव्य आणि कन्नड बोलणे, वाचणे, लिहिणे आवश्यक. मातृभाषेची अट नाही. मात्र बेळगावात वाढलेल्या पण महाराष्ट्रात जन्मलेल्या उमेदवारास, मसुद्याच्या शब्दांप्रमाणे, स्थानिक म्हणता येत नाही. लायक उमेदवार न मिळाल्यास सरकार सवलत देऊ शकते, परंतु प्रमाण अनुक्रमे २५ व ५० टक्क्यांखाली जाऊ शकत नाही. उल्लंघनास १०,००० ते २५,००० रुपये दंड, पुढे चालू राहिल्यास दररोज १०० रुपयांपर्यंत."

यानंतर रेघ आणि खाली 'पार्श्वभूमी': महिषी समिती, हरियाणाचा निकाल, उद्योजकांचा विरोध. मुख्यमंत्र्यांची पोस्टही तिथेच.

निवृत्त_बाबू
छान उतरलंय. एकच गोष्ट राहिली, कन्नडची चाचणी. व्याख्येत चाचणी सगळ्यांनाच लागते असं वाचता येतं. पण दुसऱ्या एका कलमात म्हटलं होतं की माध्यमिक शाळेच्या प्रमाणपत्रात कन्नड ही भाषा नसेल तर चाचणी द्यावी लागेल. म्हणजे एसएसएलसीला कन्नड असलेल्यांना सूट आहे की नाही?

निपाणीकर
सूटच आहे, उघड आहे. नाहीतर ते दुसरं कलम घातलंच कशाला?

कागदवाचक
आमचे वकीलसाहेब उलट म्हणतात. त्यांच्या मते व्याख्येत चाचणी आहे म्हणजे ती सगळ्यांनाच. दुसरं कलम फक्त चाचणी कशी असेल एवढंच सांगतं.

निवृत्त_बाबू
दोन्ही वाचनं शक्य आहेत. सभागृहात चर्चा झाली असती तर कदाचित दुरुस्त झालं असतं. सारांश लिहिणाऱ्याने यात निवाडा करू नये. दोन्ही कलमं जशी आहेत तशी सांगावीत आणि 'यात स्पष्टता नाही' असं लिहावं.

बातमीची_डेडलाईन
हे मात्र मी वर घेणार. इथल्या मराठी शाळांतल्या मुलांचा प्रश्न नेमका हाच आहे.

उद्यमबागवाला
धाकटी बेळगावातच जन्मली, इथल्याच दवाखान्यात. म्हणजे ती स्थानिक आणि थोरला नाही? एकाच घरातली पोरं!

निवृत्त_बाबू
त्या मसुद्याप्रमाणे, धाकटीला कन्नड येत असेल तर, हो. आज मात्र दोघांनाही काही लागू नाही. सुपरवायझरला हे सांगा.

खडेबाजार
सुपरवायझरला सांगायला मसुदा लागणार. तो कन्नडमध्ये वाचतो.

कागदवाचक
माझ्याकडे इंग्रजी प्रत आहे. व्याख्येच्या कलमाचा कन्नड पाठ कुणाकडे असेल तर मेसेज करा. चाचणीचं वाक्य तिकडे कसं मांडलंय ते ताडून बघायचंय, उद्या दुपारी टिपण द्यायचं आहे.